उत्तर आलं नाही तर पैसे परत

माझ्याकडे साड्यांचं दुकान आहे, पण त्यात एकही साडी नसते. भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांत कपाट आहे ते घरच्यांच्या कपड्यांचं. साड्या असतात उधन्याच्या गोडाऊनमध्ये, कुणा व्यापाऱ्याच्या. तो मला फोटो पाठवतो, मी ते माझ्या नावाने लावते. नाशिकहून, डोंबिवलीहून, कोल्हापूरहून एखादी ताई पैसे भरते, मी व्यापाऱ्याला पत्ता आणि माझी रक्कम पाठवते, आणि तो माझ्या नावाचं लेबल लावून पार्सल थेट तिच्याकडे धाडतो. याला ड्रॉपशिपिंग म्हणतात हे मला धंदा सुरू करून बऱ्याच दिवसांनी कळलं. सुरतेत हे काम करणाऱ्या मराठी बायका खूप आहेत. आमच्यासारखी खानदेशातून मिलच्या कामाला आलेली घरं उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीभर पसरलेली आहेत. सासऱ्यांनी कापड रंगवलं, सुना ते मोबाईलवर विकतात.

या धंद्यात गिऱ्हाइकाशी नातं माझं, आणि माल कुणा तिसऱ्याच्या हातात. माल वेळेवर निघाला तर तो तिसरा माणूस कुणाला दिसतही नाही. उशीर झाला की मात्र मधली फट उघडी पडते, आणि त्या फटीत काय लिहायचं हा प्रश्न उभा राहतो. २०२५ च्या संक्रांतीला मला अशा अडतीस जणींना लिहावं लागलं.

साडी होती काळ्या जॉर्जेटची, मोतिया रंगाच्या लेसची. संक्रांतीला काळं नेसायचं म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्रातून काळ्या साडीला जी मागणी येते, ती वर्षात पुन्हा येत नाही. ‘८ जानेवारीपर्यंत घरपोच’ असं मी लिहिलं होतं, कारण व्यापाऱ्याने रेडी स्टॉक सांगितला होता. आता सुरतेतला रेडी स्टॉक दर वेळी गोडाऊनमध्ये असतोच असं नाही. नमुन्याची एक साडी तयार झाली की तिचे फोटो निघतात, कॅटलॉग फिरू लागतो. बाकीचा लॉट तेव्हा पांडेसऱ्याच्या एखाद्या मिलमध्ये रंगात बुडालेला असतो, नाहीतर लेस लावणाऱ्या बायकांच्या घरी पसरलेला असतो. कोरं कापड म्हणजे ग्रे; त्याचे ताके मिलमध्ये जातात, रंगतात, तिथून काठ-लेसच्या जॉबवर्कला, तिथून फोल्डिंगला, मग पॅकिंगला. यातली एक पायरी अडली की फोटोतली साडी फोटोतच राहते. तोवर तिकडे माझ्या ताईंनी पैसे भरलेले असतात.

नवीन वर्षाच्या पहिल्या दिवसापासून व्यापाऱ्याचं, म्हणजे शेठचं, उत्तर एकच होतं, “भाभी, कल पक्का.” ३ तारखेला शुक्रवारी मी आबांना, म्हणजे सासऱ्यांना, घेऊन गोडाऊनवर गेले. माझा एक फायदा आहे तो हा की माल माझा नसला तरी तो रिक्षाने जाण्याच्या अंतरावर असतो. पुण्यात बसून सुरतेचा माल विकणाऱ्या बाईला ‘कल पक्का’ ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

गोडाऊनमध्ये साड्यांचे गठ्ठे होते. घड्या घातलेल्या, पट्ट्या लावलेल्या, अगदी निघायच्या बेतात. आबांनी एक उलगडली आणि लेस उजेडाकडे धरली. मोतिया लेसवर घडीच्या रेषेत करडी सावली उतरली होती, जणू कुणी पेन्सिलचं बोट फिरवलंय. मग त्यांनी खिशातला पांढरा रुमाल काढून बोटाला गुंडाळला आणि काळ्या भागावर आठ-दहा वेळा घासला. रुमाल काळवंडला. “आरसी नीट केलेली नाही,” ते म्हणाले.

आबा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये जेट मशीनवर होते, त्यामुळे घरात हे शब्द आम्हाला भाजीपाल्यासारखे माहीत आहेत. जॉर्जेट म्हणजे इथे बहुतेक पॉलिएस्टर. त्याला डिस्पर्स रंग लागतात आणि ते धाग्यात शिरायला दाबाखालचं पाणी १३० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. काळ्याला रंग फार लागतो, आणि सगळाच आत शिरत नाही. उरलेला धाग्याच्या अंगावर बसून राहतो. तो काढायला कॉस्टिक आणि हायड्रोच्या गरम पाण्यात कापड पुन्हा फिरवायचं, याला मिलमध्ये आरसी म्हणतात. घाईच्या दिवसांत मशीन लवकर मोकळं करायचं म्हणून ही पायरी आखूड होते. फिकट रंगात ते फारसं कळत नाही. काळ्यात मात्र कळतंच, आणि वरून कापड सेट करताना, इस्त्री करताना उष्णता लागली की आतला रंगही थोडा बाहेर येतो. शेठने हे पाहिलं नव्हतं असं नाही. “दो धुलाई में निकल जायेगा,” असं त्याचं म्हणणं होतं.

मी पाठवू नका म्हटलं. लॉटची लेस उसवून कापड परत मिलमध्ये, पुन्हा आरसी, पुन्हा फिनिशिंग, पुन्हा लेस. शेठ म्हणाला ९ तारखेला निघेल. वर एक सोयही सुचवली: “तब तक एडब्ल्यूबी निकाल देता हूँ, पार्टी शांत हो जायेगी.” एडब्ल्यूबी म्हणजे कुरिअरचा पार्सल नंबर. लेबल छापलं की नंबर तयार होतो, गिऱ्हाइकाला ‘तुमची ऑर्डर निघाली’ असा मेसेज जातो, आणि पार्सल मात्र निघालेलं नसतं. ते भरलेलंही नसतं. ट्रॅकिंग उघडलं तर दिवसचे दिवस पिकअपची वाट पाहण्यावरच अडकलेलं दिसतं. तुमच्याही एखाद्या ऑर्डरला असं झालं असेल तर खुशाल समजा की कुरिअरवाल्याने ते पार्सल अजून पाहिलेलं नाही. या युक्तीने चार दिवस मिळतात खरे, पण ते चार दिवस गिऱ्हाइकाचे असतात. तेवढ्यात तिने गावातल्या दुकानातून दुसरी काळी साडी घेतली असती.

घरी येऊन आधी तारखेचा हिशेब केला. शेठची ९ धरली तरी सुरतेहून नाशिकला दोन-तीन दिवस, कोल्हापूरला चार-पाच. मधे रविवार. आणि १४-१५ जानेवारीला उत्तरायण: त्या दोन दिवसांत सुरतेत पतंगाशिवाय काही हलत नाही, मिलचे कारागीर नाहीत, गोडाऊनला कुलूप. म्हणजे ९ ची ११ झाली की ती सरळ १६-१७ होते. इतकं मांडल्यावर दिसलं की संक्रांत हातची गेली आहे. हे एकदा स्वतःशी कबूल केलं की मेसेज लिहिणं सोपं होतं. ‘प्रयत्न करतेय, बहुतेक पोचेल’ या वाक्याचा मोह तेवढ्यापुरता जातो.

दुसरा हिशेब पैशाचा. साडी १,१९९ ची. व्यापाऱ्याला कर धरून ८६० च्या आसपास, कुरिअर नव्वद-शंभर, पेमेंटवाल्याचे वीस-पंचवीस. माझ्या हातात दोनशे उरतात. अडतीसपैकी तेवीस जणींनी आधीच पैसे भरलेले, पंधरा जणींची कॅश ऑन डिलिव्हरी. तेवीसही जणींनी पैसे परत मागितले तर २७,५७७ रुपये लागणार, आणि त्यातले ८६० प्रमाणे शेठकडे पोचलेले. शेठ रोख परत देत नाही, खात्यावर जमा धरतो आणि पुढच्या मालात वळते करतो. हा इथला रिवाजच आहे. म्हणून ‘पैसे परत’ हे शब्द लिहिण्याआधी मी घरातली भिशीची रक्कम बाजूला काढली. आमचे हे त्यावर दोन दिवस गप्प होते. पण पैसे हाताशी नसताना परताव्याचा पर्याय देणं म्हणजे ‘कल पक्का’चाच आणखी एक प्रकार.

मेसेज असा गेला:

“नमस्कार …ताई. तुम्ही मागवलेली काळी जॉर्जेट साडी ८ जानेवारीपर्यंत मिळेल असं मी लिहिलं होतं. ती तोवर मिळणार नाही, संक्रांतीच्या आतही मिळणार नाही. याबद्दल मी तुमची माफी मागते.

साड्या मी घरी ठेवत नाही. त्या इथल्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनमधून थेट तुमच्याकडे निघतात. आज मी तिथे जाऊन माल पाहिला. काळा रंग लेसला लागतोय, म्हणून तो लॉट पाठवू दिला नाही. रंग पक्का करायला कापड पुन्हा मिलमध्ये गेलं आहे. सोबत फोटो आहे.

तुमचे १,१९९ रुपये माझ्याकडे आहेत. तुम्ही सांगाल तसं करते:

१. पूर्ण पैसे परत. तुम्ही कळवल्यावर त्याच दिवशी पाठवते.

२. दुसरी काळी साडी, सोबतच्या दुसऱ्या फोटोतली. साधी आहे, लेस नाही, ८९९ ची. ती मी हातात घेऊन पाहिली आहे. सोमवारी ६ तारखेला निघेल. वरचे ३०० रुपये परत करते.

३. हीच साडी हवी असेल तर थांबा. १७ जानेवारीपर्यंत निघेल. रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आहे, त्याआधीच्या हळदीकुंकवाला मिळेल. १७ ला निघाली नाही तर तुम्ही न विचारता पैसे परत करीन.

फक्त १, २ किंवा ३ लिहून पाठवा, रविवार ५ तारखेच्या रात्रीपर्यंत. उत्तर आलं नाही तर सोमवारी पैसे परत करते.

पैसे परत घ्यायला तुम्हाला पिन, ओटीपी किंवा कोणतीही लिंक लागत नाही. माझ्या नावाने कुणी तसं मागितलं तर देऊ नका.”

शेवटची ओळ पुष्कळांना अनावश्यक वाटली, पण रिफंड देतो म्हणून क्यूआर कोड पाठवून उलट पैसे काढणाऱ्या टोळ्या एवढ्या झाल्यात की ‘तुमचे पैसे परत करते’ हे वाक्य वाचून बाई आधी घाबरते. पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. टाकायला सांगितला की पैसे जाणार आहेत. हे तिला तिथेच सांगितलं तरच ती माझ्या मेसेजला उत्तर देईल.

माझं जास्त डोकं खर्च झालं ते उत्तर न देणाऱ्यांवर. उशिराच्या बहुतेक मेसेजांत ‘काही अडचण असल्यास कळवा’ असं असतं. त्याचा अर्थ, नाही कळवलंत तर आम्ही थांबा असंच धरतो. गप्प बसणं विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतं. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा १९७५ पासूनचा एक नियम आहे, टपालाने माल विकणाऱ्यांसाठी केलेला आणि आता इंटरनेटवरच्या विक्रीलाही लागू असलेला. त्यात याची फोड नीट केली आहे: पहिल्यांदा होणारा उशीर तीस दिवसांच्या आतला असेल तर गिऱ्हाइकाचं मौन म्हणजे होकार धरता येतो, त्याहून लांबला किंवा तारीखच सांगता येत नसेल, तर होकार स्पष्ट हवा, नाहीतर पैसे परत. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही, उशीर दैवी आपत्तीसारख्या कारणाने झाला असेल तेवढं सोडून. कच्चा रंग ही काही दैवी आपत्ती नव्हे. पण मौनाचं काय, हे आपल्या नियमात नाही. आणि तीस दिवसांचं मोजमाप संक्रांतीच्या साडीला लावून उपयोग नाही. तिथे १५ जानेवारी आणि १५ फेब्रुवारी सारखेच उशिराचे. तारखेला बांधलेली वस्तू असेल तर मौनाचा अर्थ पैसे परत, असं मी ठरवलं.

कॅश ऑन डिलिव्हरीवाल्या पंधरा जणींचा मेसेज वेगळा होता. त्यांचे पैसे माझ्याकडे नव्हतेच, तेव्हा पहिला पर्याय ‘ऑर्डर रद्द’ एवढाच, आणि उत्तर नाही आलं तरी रद्दच. यात माझा स्वार्थ उघड आहे. संक्रांत गेल्यावर काळी साडी दारात आली की ती बाई घेत नाही, पार्सल उलट येतं आणि जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं माझ्या बोकांडी बसतं.

पाठवण्यातही एक खाच आहे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करून एकदम सगळ्यांना धाडावं असं वाटतं, पण ब्रॉडकास्ट पोचतो तो तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच. एकदाच साडी घेणारी बाई माझा नंबर कशाला सेव्ह करेल? ग्रुप करावा तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. म्हणून एकेकीला नाव घालून पाठवला, आणि रविवारी दुपारपर्यंत ज्यांना दोन टिका दिसल्या नाहीत त्यांना फोन केला.

‘व्यापाऱ्याच्या गोडाऊनमधून थेट’ हे वाक्य काढ, असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. उद्या त्या परस्पर व्यापाऱ्याकडून घेतील. तसं झालंही: एकीने विचारलं, मग नंबरच द्या ना त्यांचा. मी दिला नाही, पण तिला हेही सांगितलं की तो सहा किंवा आठ साड्यांचा पूर्ण सेट विकतो, एकेक नाही. ते वाक्य मला ठेवायचं होतं, कारण त्याशिवाय पुढचं काहीच पटत नाही. माल घरात असता तर ८ तारखेला पोचवायला काय हरकत होती, हा प्रश्न कुणालाही पडेल. आणि व्यापाऱ्याचं नाव घालून त्याच्यावर ढकलण्यात अर्थ नव्हता. ताईंनी पैसे मला दिले होते. दहा टक्के सुटीचं कूपनही मी दिलं नाही. पुढच्या खरेदीवर सूट म्हणजे माफीच्या पोटात जाहिरात.

तेवीसपैकी नऊ जणींनी पैसे परत मागितले, सात जणींनी दुसरी साडी घेतली, चौघी थांबल्या, तिघी गप्प. कोल्हापूरच्या एका ताईंनी फोनवर चांगलंच सुनावलं. मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने तयार, आणि साडी नाही. माफीने त्यांचं काही होणार नव्हतं. त्यांना मी फक्त एवढंच विचारलं की तुम्ही पैसे मला थेट यूपीआयने पाठवले होते ना, मग फोन ठेवायच्या आत परत टाकते. टाकले. गेटवेने भरलेल्यांचं तसं नसतं. तिथून मी लगेच परत केले तरी बँकेत दिसायला पाच-सात कामाचे दिवस लागतात. ही गोष्ट मेसेजमध्ये घालायची राहिली आणि मंगळवारपासून ‘अजून आले नाहीत’ सुरू झालं. मग प्रत्येकीला रिफंडचा संदर्भ क्रमांक पाठवला, म्हणजे बँकेत विचारायला काहीतरी हातात असतं.

गप्प राहिलेल्या तिघींपैकी एक डोंबिवलीची. पैसे परत गेल्यावर चार दिवसांनी तिचा मेसेज आला: मी तर वाट बघत होते, तुम्हाला विकायचीच नव्हती का? गावी गेली होती, तिथे नेट नव्हतं. मौनाचा नियम कुठल्याही बाजूला झुकवला तरी कुणीतरी त्यात अडकतंच. तिला थांबलेल्या चौघींच्या यादीत परत घेतलं.

लॉट १६ ला आला. आबांनी पुन्हा रुमाल घासला, या वेळी कोरडा आणि मग ओला करूनही. कोरड्यावर काही नाही, ओल्यावर अगदी पुसट. काळ्यात एवढं राहतंच, असं ते म्हणाले. मी पाच जणींना कळवलं की पहिली धुलाई वेगळी करा. १७ ला पार्सलं निघाली. नंबर पाठवला तो कुरिअरवाल्याने पार्सल उचलल्याची नोंद ट्रॅकिंगवर दिसल्यावर.

फेब्रुवारीत शेठचा फोन आला. त्याच्या बाकीच्या पार्ट्यांकडून त्याच लॉटच्या साड्या ढीगभर परत आल्या होत्या आणि माझ्याकडून एकही नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. “भाभी, वो जो मेसेज आपने लिखा था ना, हिंदी में बना के भेज दो. सब को दे देता हूँ.” मी बसून हिंदी केलं आणि पाठवलं. दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं: “एकदम बढ़िया. बस वो एक नंबर वाला निकाल दो.”